सरासरी करंट धरून काढलेला केबल लॉस दरवेळी कमीच का भरतो?

पॅनेलरूम

नमस्कार मंडळी. धागा विज्ञान-तंत्रज्ञानात टाकलाय, पण गणितवाल्यांनीही डोकवावं.

आमच्या कारखान्यात मेन पॅनेलपासून मागच्या शेडपर्यंत तीनशेएक मीटर अ‍ॅल्युमिनियमची ५० चौरस मिमी केबल गेली आहे. दोन्ही टोकांना मीटर आहेत. रोज सकाळी दोन्ही रीडिंगं घेतो, तर फरक ३५-३६ युनिटांचा येतो. म्हणजे एवढी वीज केबल गरम करण्यात जाते.

हिशेब मात्र वेगळंच सांगतो. एका फेजचा रेझिस्टन्स ०.२ ओहम धरला. शेडमध्ये एकच शिफ्ट चालते, त्या आठ तासांत ८० अँपिअर. उरलेले सोळा तास कोल्ड रूम आणि दिवे मिळून २० अँपिअर. दिवसाची सरासरी ४० अँपिअर. मग ३ × ४० × ४० × ०.२ = ९६० वॅट, चोवीस तासांचे २३ युनिट. वरचे बारा-तेरा युनिट गेले कुठे?

साहेबांचं म्हणणं, मधे कुणीतरी आकडा टाकलाय. मला पटत नाही, कारण हाच हिशेब आणखी दोन केबलींवर केला आणि तिथेही कागदावर कमी, मीटरवर जास्त. साधी गडबड असती तर कधी इकडे कधी तिकडे गेली असती. दरवेळी एकाच बाजूला का?

शेतावरून

सरासरी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बिलच येतं. मीटर बंद पडला की सरासरी बिल लावून मोकळे होतात, आणि ते कधी कमी आलेलं बघितलं नाही. तुमच्याकडे उलटं कसं?

पॅनेलरूम

@शेतावरून, बिलाचं नाही हो, केबलमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं विचारतोय. बिलावर वेगळा धागा काढा, तुफान चालेल :)

नवा_भिडू

उत्तर सोपं आहे. लॉस करंटच्या वर्गावर जातो आणि वर्ग केला की संख्या मोठी होते. आधी वर्ग करून मग सरासरी काढली तर सगळ्याच संख्या मोठ्या झालेल्या असतात, म्हणून उत्तर मोठं. आधी सरासरी काढली तर एकच संख्या मोठी होते.

गणूमास्तर

भिडू, पहिलं वाक्य बरोबर, दुसऱ्यात गाडी घसरली. वर्ग केला की संख्या मोठी होतेच असं नाही. ०.२ आणि ०.६ घ्या. वर्ग ०.०४ आणि ०.३६, दोन्ही आपापल्या मूळ संख्येपेक्षा लहान. तरी वर्गांची सरासरी ०.२० येते आणि सरासरीचा, म्हणजे ०.४ चा, वर्ग ०.१६. तुमच्या कारणाने इथे उलटं व्हायला हवं होतं, पण झालं नाही. तेव्हा कारण दुसरीकडे आहे.

पॅनेलरूम यांचेच आकडे घेतो, नवे कशाला. सरासरी ४०. सोळा तास करंट सरासरीपेक्षा २० ने खाली, आठ तास ४० ने वर. खालचा हिशेब १६ × २० = ३२०, वरचा ८ × ४० = ३२०. दोन्ही फिटले. फिटणारच, सरासरी म्हणतात ती यालाच.

आता ८० चा वर्ग करताना ८० न लिहिता (४० + ४०) लिहा आणि २० च्या जागी (४० − २०). कंस सोडवला की प्रत्येक तासाचे तीन तुकडे पडतात: ४० चा वर्ग, मग दोन × ४० × फरक, आणि शेवटी फरकाचा वर्ग.

पहिला तुकडा चोवीसही तास तोच, १६००. मधला तुकडा सोळा तास −१६०० आणि आठ तास +३२००. बेरीज करा: −२५,६०० आणि +२५,६००. शून्य. फरक आपसात फिटतात म्हणून हा तुकडा बेरजेत मरतो, आणि आकडे कोणतेही घेतले तरी मरतो. उरतो तिसरा. तो सोळा तास ४००, आठ तास १६००, त्याची सरासरी १९,२०० ÷ २४ = ८००.

म्हणजे वर्गांची सरासरी = १६०० + ८००. हा ८०० म्हणजेच करंटचा व्हेरिअन्स. तो ऋण होऊ शकत नाही, कारण तो नुसत्या वर्गांची सरासरी आहे. आणि शून्य तेव्हाच, जेव्हा एकही आकडा सरासरीपासून हललेला नाही.

आता लॉस काढा: ३ × २४०० × ०.२ = १४४० वॅट, दिवसाला ३४.५६ युनिट. तुमचा मीटर काय म्हणत होता?

पॅनेलरूम

मास्तर, ३५-३६! खरंच बसलं की.

साहेबांना उद्याच दाखवतो. एकच शंका. सरासरी घेतल्यामुळे चूक होते ते कळलं. मग नेमका कुठला करंट धरायचा?

तारतंत्री

२४०० चं वर्गमूळ, ४९ अँपिअर. सतत ४९ वाहिले असते तर केबल तेवढीच तापली असती. एसीचा अँपिअर दाखवताना मीटर हेच करतो, फक्त एका सायकलपुरतं. तुम्ही तेच दिवसभरासाठी करा.

वीज वितरणात माझी नोकरी गेली, तिथे हा विषय रोजचा होता, म्हणून थोडं लांबण लावतो. फीडरचं चोवीस तासांचं पूर्ण रेकॉर्ड आमच्या हातात क्वचित असायचं. हातात असायचा सर्वांत मोठा लोड आणि एकूण युनिटं. त्यावरून लोड फॅक्टर निघतो. तुमच्या केबलचा ४० भागिले ८० म्हणजे ०.५. पीकला, म्हणजे सर्वांत मोठ्या लोडला, होणारा लॉस माहीत असतो, पण दिवसभराचा सरासरी लॉस त्याच्या किती पट हे काढायचं असतं. त्याला लॉस लोड फॅक्टर म्हणतात. मास्तरांनी जे सिद्ध केलं त्यामुळे तो लोड फॅक्टरच्या वर्गाखाली, तुमच्याकडे ०.२५ च्या खाली, जाऊच शकत नाही. तुम्ही नेमकी हीच तळाची रेघ उत्तर म्हणून धरलीत.

वरची रेघही आहे. करंट पीकपेक्षा जास्त कधीच नसतो, म्हणून करंटचा वर्ग हा करंट गुणिले पीक यापेक्षा मोठा होत नाही. त्यामुळे लॉस लोड फॅक्टर खुद्द लोड फॅक्टरच्या वर जात नाही, तुमच्याकडे ०.५. खरा आकडा २४०० ÷ ६४०० = ०.३७५, बरोबर मध्ये.

आम्ही अंदाजाला लोड फॅक्टरचे ०.३ पट अधिक त्याच्या वर्गाचे ०.७ पट असं धरायचो. तुमच्याकडे ०.३२५ येईल, म्हणजे थोडं कमी. हा सूत्राचा दोष म्हणू नका, ते बऱ्याच फीडरांच्या चढउतारावरून बसवलेलं आहे. तुमचा लोड दोनच पायऱ्यांचा आहे, तसा गावाचा नसतो. शिवाय कुठे ०.३ ऐवजी ०.२ धरतात, कुठे आणखी काही. त्यावरून मीटिंगांत जुंपायची.

शेतावरून

आता कुठे कामाचं बोलताय. आमच्या शेतीच्या फीडरला थ्री फेज आठ तासच मिळते. त्या आठ तासांत गावातले सगळे पंप एकदम चालू, मग कुणाचाच धड चालत नाही. तेवढीच वीज चोवीस तासांवर पसरून दिली तर लाइनमधलं नुकसान कमी होईल असं तुमचं गणित म्हणतं का?

तारतंत्री

म्हणतं, आणि चांगलं ठणकावून म्हणतं. समजा आठ तास ६० अँपिअर आणि सोळा तास शून्य. सरासरी २०, तिचा वर्ग ४००. वर्गांची सरासरी ८ × ३६०० ÷ २४ = १२००. तेवढाच माल सावकाश चोवीस तासांत नेला असता तर लॉस एक तृतीयांश.

पण कागदावरचं लगेच गावात नेऊ नका. चोवीस तास दिली म्हणून सगळे पंप वाटून चालतील असं कुठे आहे? ऑटो स्टार्टर लावलेले असले की वीज येताक्षणी सगळेच उचलतात. शिवाय व्होल्टेज सुधारलं की पंप जास्त पाणी ओढतात, म्हणजे तेवढीच वीज हे गृहीतकच हलतं.

शेतावरून

ऑटो स्टार्टर नाही लावायचा तर रात्री दोनला कोण जाणार बिबट्याच्या रानात? बोलणं सोपं आहे साहेब.

तारतंत्री

ते मान्य. म्हणूनच पाळ्या लावून फीडर वाटतात.

मृण्मयी

मी आकडेवारी शिकतेय आणि मला यात गोल फिरल्यासारखं वाटतंय. आमच्या पुस्तकात व्हेरिअन्स म्हणजे वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग असं चौकटीत दिलंय. मग "व्हेरिअन्स ऋण नसतो म्हणून वर्गांची सरासरी मोठी" हे सिद्ध करणं कसं? ज्याला ऋण नाही म्हणायचं तेच आधी धरून चाललो ना?

गणूमास्तर

शंका रास्त आहे. चौकटीतलं सूत्र हिशेबाच्या सोयीचं आहे, मूळ नव्हे. मूळ व्हेरिअन्स म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी. तिथे वजाबाकीनंतर वर्ग आहे, त्यामुळे ती ऋण नाही हे नुसतं बघून कळतं. मग मधला तुकडा मरतो हे दाखवलं की तीच रास चौकटीतल्या रूपात येते. या रूपाकडे बघून मात्र ती ऋण नाही हे अजिबात कळत नाही. धन असण्याचा पुरावा एका रूपात आहे आणि आपण सहसा वापरतो दुसरं. चौकट पाठ करून घेणाऱ्यांनी मधली पायरी गाळली, त्याला तुम्ही काय करणार.

मृण्मयी

आणि n − १ ने भागायचं असतं ते? त्याने हे बिघडतं का?

गणूमास्तर

n − १ ने भागलं की फरकांच्या वर्गांची तीच बेरीज थोड्या लहान आकड्याने भागली जाते. उत्तर वाढेल, चिन्ह बदलणार नाही. फक्त चौकटीतल्या सूत्रात एका पदाला एक भाजक आणि दुसऱ्याला दुसरा असं करू नका.

कोड_कोकणी

मास्तर, तुमच्या त्या "दुसऱ्या रूपा"ने माझा दिवस खाल्लाय, म्हणून मधे तोंड घालतो. सेन्सरच्या डेटावर स्टँडर्ड डेव्हिएशन काढणारा प्रोग्रॅम मधेच आचके देऊन मरायचा. शोधत गेलो तर वर्गमुळाच्या आत ऋण संख्या. गणिताने अशक्य, पण हे चालवून बघा:

```python
x = [0.1, 0.1, 0.1]
s = q = 0.0
for v in x:
    s += v
    q += v * v
n = len(x)
print(q / n - (s / n) ** 2)
```

उत्तर येतं `-1.734723475976807e-18`. तिन्ही आकडे सारखे, व्हेरिअन्स शून्य यायला हवा, आणि हा शून्याच्या खाली. कारण ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. तीनदा बेरीज करून तीनने भागलं की सरासरी एक केस जास्त निघते, आणि तिचा वर्ग वर्गांच्या सरासरीला ओलांडतो.

हा निदान ओरडतो तरी. याहून वाईट म्हणजे गुपचूप चुकणारा. १०००००००१, १०००००००२, १०००००००३ असे तीन आकडे द्या. खरा व्हेरिअन्स दोन तृतीयांश, प्रोग्रॅम म्हणतो शून्य. वर्ग सतरा अंकी होतात, संगणकाच्या साध्या दशांश संख्येत पंधरा-सोळा अंकच खात्रीने मावतात, आणि आपल्याला हवा तो फरक नेमका सांडलेल्या शेपटीत असतो.

उपाय मास्तरांच्या पहिल्या रूपातच आहे. आधी सरासरी काढा, मग फरकांचे वर्ग. दोनदा फिरावं लागतं, पण वर्गांची बेरीज ऋण होत नाही. दोनदा फिरायची सोय नसेल, आकडे येत राहात असतील, तर वेलफर्ड यांची १९६२ ची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक नव्या आकड्याबरोबर सरासरी आणि फरकांच्या वर्गांची बेरीज पुढे सरकवत नेतात.

नवा_भिडू

एक्सेलमध्ये असं होत नाही. मी नेहमी वापरतो.

कोड_कोकणी

आता नाही होत. २००३ च्या आधीच्या आवृत्त्यांत होतं, तिथे हेच चौकटीतलं सूत्र आत बसवलेलं होतं. तुम्ही स्वतः सेलमध्ये सूत्र लिहिलंत तर आजही होईल.

सातारी_कंदी

माझ्या शीटमध्ये स्वतःच लिहिलेलं आहे आणि व्हेरिअन्स −२६६.६७ आला आहे. सोसायटीच्या पंपाचे तासातासाचे अँपिअर आहेत. मग हीच शेपूट सांडण्याची भानगड का?

कोड_कोकणी

छे, एवढी मोठी शेपूट नसते. ४०-५० च्या आसपासचे आकडे असतील तर सांडलेला भाग दशांश चिन्हानंतर बारा-तेरा घरं पुढे असतो. २६६ म्हणजे सूत्रातच गफलत. काय लिहिलंय ते इथे टाका.

सातारी_कंदी

```
=SUMSQ(B2:B25)/24-AVERAGE(B2:B25)^2
```

पंप चालू असताना सरळ ४० अँपिअर. चार तास बंद असतो, ते सेल रिकामे ठेवलेत.

मृण्मयी

मी सांगते! AVERAGE रिकामे सेल मोजत नाही. त्याने वीसने भागलं, सरासरी ४०, वर्ग १६००. तुम्ही SUMSQ ला चोवीसने भागलंत, ३२००० ÷ २४ = १३३३.३३. वजाबाकी −२६६.६७. मास्तर म्हणाले तेच झालं, दोन पदांना दोन भाजक. रिकाम्या सेलमध्ये शून्य भरा, मग सरासरी ३३.३३ होईल आणि व्हेरिअन्स २२२.२२.

गणूमास्तर

शाब्बास. आणि ऋण आलं म्हणून पकडलं तरी गेलं. पाच-सहा तास लोड आणखी खालीवर असता तर हीच गफलत धन आकड्याआड दडली असती.

सातारी_कंदी

शून्य भरले, २२२.२२ आलं. धन्यवाद मृण्मयी.

पुणेरी_पाटी_४११०३०

धाग्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेलं असताना शीट दुरुस्ती केंद्र उघडण्याचं प्रयोजन समजले नाही. असो. मला विचारायचं आहे की करंट ऋण असेल तर? आमच्या सोसायटीत सोलरला बॅटरी आहे. दिवसा ती ५० अँपिअरने चार्ज होते, तेवढाच वेळ रात्री ५० ने रिकामी होते. सरासरी शून्य.

तारतंत्री

सरासरी शून्य, वर्गांची सरासरी २५००. वायर बिचारी दोन्ही वेळा तापते. मास्तरांच्या मांडणीत संख्या धन हवी असं कुठेच म्हटलेलं नाही, त्यामुळे काही बदलत नाही. इथे वर्गांची सगळी सरासरी हाच व्हेरिअन्स.

पॅनेलरूम

साहेबांना दाखवून आलो. त्यांनी कागद नीट बघितला आणि विचारलं, "३४.५६ आणि ३६, मग दीड युनिट तरी चोरी आहे ना?" आता काय सांगू?

तारतंत्री

आधी तुमचे ८० आणि २० कुठून आले ते सांगा. तासातासाचं रीडिंग की नजरेने?

पॅनेलरूम

मीटरवरून तासाची सरासरी.

तारतंत्री

मग तुम्ही पुन्हा तीच रेघ ओढली, फक्त लहान प्रमाणावर. तासाच्या आतही करंट हलतो. कॉम्प्रेसर सुटतो, बंद होतो. तासाच्या सरासरीचा वर्ग त्या तासातल्या वर्गांच्या सरासरीपेक्षा कमीच राहणार. मीटरमध्ये पंधरा मिनिटांचं लोड सर्व्हे असेल तर ते काढा, आकडा वरच सरकेल. तिन्ही फेजचा करंट सारखा धरलात तिथेही तेच. फेजमध्ये ६०, ४०, २० असे वाहत असतील तर सरासरी ४०, पण वर्गांची बेरीज ४८०० नाही, ५६००. वर न्यूट्रलमधून वाहणारा वेगळा. शिवाय ०.२ ओहम थंड केबलचा असेल, तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स वाढतो. हे सगळे धक्के एकाच दिशेचे, वरच्या.

कोड_कोकणी

आणि मीटरचं काय? पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर दिवसाला ५६० युनिटांच्या आसपास वीज या केबलमधून जात असेल. मीटर क्लास १ चे असतील तर प्रत्येकाची चूक एक टक्क्यापर्यंत, म्हणजे साडेपाच युनिट इकडे किंवा तिकडे. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करून तुम्ही ३६ काढताय. माझ्या प्रोग्रॅममध्ये जे सतराव्या अंकाला घडलं ते तुमच्याकडे तिसऱ्या अंकाला घडतंय. दीड युनिटावरून चोरीही सिद्ध होत नाही, आणि चोरी नाही हेही नाही.

पॅनेलरूम

मीटर क्लास १ चेच आहेत, आत्ताच प्लेट बघून आलो. पण रोज ३५-३६ च येतं, त्यात फारसा फरक पडत नाही. मग मीटरची चूक कशी?

कोड_कोकणी

मीटर रोज त्याच बाजूला चुकत असेल तर उत्तर रोज सारखंच येणार. महिनाभर सरासरी काढलीत तरी ती चूक जाणार नाही. दोन्ही मीटर काही दिवस शेडच्या टोकाला एकामागे एक जोडून बघा, काय फरक दाखवतात ते.

तारतंत्री

एकामागे एक जोडणं चालू कारखान्यात सोपं नाही, सीटीच्या, म्हणजे करंट कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, जोडण्या हलवाव्या लागतील. दोन मीटर आपसात बदलणं त्यापेक्षा बरं. फरक ज्या बाजूला सरकेल त्यावरून कळेल. पण दोन्हीकडे सीटी रेशो सारखा आहे का आधी बघा, नाहीतर नवाच घोळ.

पॅनेलरूम

मेन पॅनेलला १००/५ आहे. शेडकडचा बघावा लागेल, तिथे जुनं बोर्ड आहे आणि त्यावरचं लेबल पुसलंय. रविवारी शटडाउन मिळाला तर उघडतो आणि लोड सर्व्हेही त्याच दिवशी उतरवून इथे टाकतो.

शेतावरून

आणि बिलाचा धागा कुठे काढू? इथेच चालेल का?